मदत हवी आहे: पर्जन्यछायेचा धडा सोप्या वाक्यांत कसा लिहू?

नमस्कार मंडळी. माझ्या शिकवणीतल्या नववीच्या मुलाला वाचनअक्षमता आहे. जोडाक्षरं आणि लांब वाक्यं आली की तो अडतो. वाचून दाखवलं तर नीट समजतं. भूगोलाच्या धड्याची पीडीएफ ग्रुपवर टाकली आहे. त्यातलं एकच वाक्य मी असं फोडलं:

समुद्रावरून दमट हवा येते. सह्याद्री या हवेला अडवतो. म्हणून ही हवा वर चढते. वर चढताना हवा थंड होते. म्हणून वाफेचं पाणी होतं. मग पाऊस पडतो.

'त्याला', 'ती' असे शब्द टाळून 'हवा' मुद्दाम परत लिहिलं आणि 'म्हणून' ठेवलं, नाहीतर कारण हरवतं.

घोडं पुढे अडतं. 'पलीकडे पाऊस कमी पडतो' एवढंच लिहिलं, तर ढग रिकामे झाले इतकंच त्याला कळतं. खाली उतरणारी हवा तापते, म्हणून ढग विरतात, हे निसटतं. हे तीन-चार छोट्या वाक्यांत कसं बसवाल? 'प्रतिरोध पाऊस' हा शब्द परीक्षेसाठी लागणारच. तो आधी द्यावा की अर्थ समजल्यावर?