मदत हवी आहे: पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड पाठवायचा, पण जुन्या चॅटमध्ये पडून राहू नये

नारळीपोफळी
गुहागरजवळ आमचं दोन खोल्यांचं होमस्टे आहे. गावात रेंजची बोंब, त्यामुळे पाहुणा आला की पहिला प्रश्न वायफायचा. व्हॉट्सॲप बिझनेसवर मी /wifi टाकते की पत्ता, नकाशा, पासवर्ड सगळं एका मेसेजमध्ये जातं. परवा एका जुन्या पाहुण्यांचा फोन आला, "पुन्हा येतोय". चॅट वर सरकवलं तर दोन वर्षांपूर्वीचा पासवर्ड तिथेच होता, आणि आजही तोच चालू! त्यांनी तो तेव्हा सहलीच्या ग्रुपवरही टाकला होता म्हणे. आमचा सीसीटीव्ही, यांचा लॅपटॉप सगळं त्याच वायफायवर आहे. जुने मेसेज पुसता येतील का? आणि पुढे कसं पाठवावं?

पक्का_पुणेरी
सोपं आहे. क्यूआर कोडचा फोटो काढा आणि 'एकदाच बघा' करून पाठवा. एकदा उघडला की गेला, स्क्रीनशॉटही घेता येत नाही.

तारवाला
पुणेरी, तो फोटो पाहुणा स्कॅन कशाने करणार? कोड त्याच्याच फोनच्या पडद्यावर आहे. स्क्रीनशॉट काढून गॅलरीतून वाचता आला असता, तेच तुम्ही बंद केलंत. बायकोच्या फोनवरून स्कॅन करेपर्यंत हा फोटो मिटवून बसतो. आमच्याकडे एकाने तीनदा मागवला होता. त्याऐवजी पासवर्ड कागदावर लिहून त्याचा फोटो तसा पाठवला तर निदान वाचून टाइप करता येतो. आणि साध्या चॅटमध्ये कोड पाठवणं म्हणजे पासवर्डच पाठवणं. आत हे एवढंच असतं:

```
WIFI:T:WPA;S:Pahune;P:naral2pophali;;
```

नारळीपोफळी
अरे देवा. मला वाटायचं कोडमध्ये काहीतरी कुलूप असतं.

तारवाला
नाही हो. आता तुमचं बघू. जुने मेसेज विसरा. 'सगळ्यांसाठी डिलीट' साधारण दोन दिवसांपर्यंतच चालतं, आणि ग्रुपवर पुढे गेलेलं तुमच्या हातात नाहीच. मेसेज पुसण्यापेक्षा त्यातला पासवर्ड निकामी करा.

राउटरच्या पानावर Guest Network असेल तर ते चालू करून नाव-पासवर्ड वेगळा द्या. पाहुण्यांना घरातलं नेटवर्क दिसू देण्याचा पर्याय असतो, तो बंद ठेवा. मग घरच्या वायफायचा पासवर्ड एकदाच बदला. सीसीटीव्ही वायफायवर असेल तर त्यातही नवा घालावा लागेल, नाहीतर चित्र येणं बंद होईल. यापुढे बदलायचा तो फक्त गेस्टचा.

पाठवताना पाहुण्याच्या चॅटमध्ये वर नावावर टॅप करून Disappearing messages चालू करा. २४ तास, ७ दिवस, ९० दिवस असे पर्याय आहेत. आधीच्या मेसेजना ते लागू होत नाही. /wifi मधून पासवर्ड काढा, तो मेसेज वेगळा जाऊ दे, म्हणजे हवं तर टायमर लावून तेवढाच पाठवता येईल.

सावंतवाडीकर_बाई
आमच्याकडे शेजारचा मुलगा रात्रभर आमच्या वायफायवर गेम खेळतो. त्याला कसा काढू?

तारवाला
बाई, तुमचाही पासवर्ड बदला, मुलगा आपोआप बाहेर.

पक्का_पुणेरी
मग २४ तास ठेवायचं ना, कमीत कमी.

नारळीपोफळी
पण मी आदल्या दिवशी दुपारी पाठवते, कारण चिपळूण सोडलं की मेसेज पोचेलच असं नाही. आणि पाहुणे पोचतात दुसऱ्या दिवशी रात्री.

तारवाला
मग २४ तास उपयोगाचे नाहीत. घड्याळ पाठवल्यापासून चालू होतं, वाचल्यापासून नाही. तुम्हाला ७ दिवसच बरे. शिवाय समोरचा मेसेज ठेवून घेऊ शकतो. तुम्हाला ते दिसतं आणि नाकारता येतं. पण त्याने वहीत उतरवला किंवा दुसऱ्या चॅटमध्ये फॉरवर्ड केला तर टायमर काही करत नाही. म्हणून गट गेला की गेस्टचा पासवर्ड बदलणं हेच खरं, बाकी टायमर म्हणजे फक्त आवराआवर.

पक्का_पुणेरी
एवढं करण्यापेक्षा खोलीतच कोड लावा. स्कॅन करतील, चॅटचा प्रश्नच नाही. (या वेळी बरोबर आहे ना मी?)

तारवाला
आहात! पासवर्ड बदलला की कागद बदलायचा, एवढंच लक्षात ठेवा. लॅपटॉपवाल्यांसाठी खाली अक्षरांतही लिहा, ० आणि O टाळून.

नारळीपोफळी
आज केलं. गेस्ट चालू झालं, सीसीटीव्ही अर्ध्या तासाच्या झटापटीनंतर आला. कोड दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, ओसरीवरून दिसू नये म्हणून. पण खोलीतला टीव्ही घरच्या वायफायवर राहिला, आता पाहुण्यांना फोनवरून त्यावर काही लावता येत नाही.

तारवाला
दोन नेटवर्क वेगळी केली की तसं होणारच. टीव्हीही गेस्टवर घ्या.

नारळीपोफळी
म्हणजे दर वेळी रिमोटने टीव्हीत एकेक अक्षर टाकत बसायचं? यांना आत्ताच सांगते, मग बघते किती वेळा पासवर्ड बदलायचा ते.