कोर्स संपला, तरी पुढच्या तिमाहीचे पैसे कापले. रिफंडची मुदत कुठून मोजायची?

आर्णीची बी.कॉम.वाली
१२ जुलैला टॅली-जीएसटीच्या कोर्ससाठी तीन महिन्यांचा प्लॅन घेतला, १,४९९ रुपयांचा. माझ्याकडे तेव्हा यूपीआय नव्हतं म्हणून मामाच्या फोनवरून भरले. २८ सप्टेंबरला कोर्स संपला, बंद करायचं राहून गेलं, आणि १२ ऑक्टोबरला मामाच्या खात्यातून परत १,४९९ गेले. अटींमध्ये आहे : पैसे भरल्यापासून ७ दिवसांत, २० टक्क्यांपेक्षा कमी पाहिलं असेल तर परतावा. मदत विभाग म्हणतो, तुमचा कोर्स शंभर टक्के पूर्ण दिसतो, रिफंड बसत नाही. आज १५ तारीख. मागायचा हक्क आहे का मला?

वर्धेचा मास्तर
मी स्वतः रेकॉर्ड केलेली लेक्चरं विकतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. सात दिवसांत सगळ्या नोट्स उतरवून घेतात, रात्रभर जागून व्हिडिओ पाहतात आणि सातव्या दिवशी रिफंड मागतात. २० टक्क्यांची अट त्याच्यासाठीच असते. तुम्ही कोर्स पूर्ण केला, प्रमाणपत्र मिळालं. महिनाभर खानावळीत जेवून पैसे परत मागण्यासारखं आहे हे. आपण वापरलं त्याचे पैसे द्यावेत.

दिग्रसचा पोट्टा
ताई, येवढं डोकं काऊन लावता? ॲप उडवून टाका, मामाले ऑटो-पे बंद करायले सांगा. पैसे आपोआप वापस येते. नाही आले तं कायद्यात ३० दिवस हायेत, कंपनीले द्याच लागते.

यवतमाळची वकील
मास्तर, ती जुलैचे पैसे मागतच नाहीये. ते तिने वापरले, ते गेले. प्रश्न १२ ऑक्टोबरच्या पैशांचा आहे. जेवण झाल्यावर पुढच्या महिन्याची खानावळ आधीच कापली गेली, असं म्हणा हवं तर.

ताई, पहिलं काम म्हणजे अटींच्या पानावर ‘नूतनीकरण’ किंवा renewal हा शब्द शोधा. अटी तीन तऱ्हेच्या असतात. काही ठिकाणी मुदत फक्त पहिल्या खरेदीला असते आणि नूतनीकरणाचे पैसे परत नाहीत असं सरळ लिहिलेलं असतं. काही ठिकाणी दर वेळी कापलेल्या पैशाला नवी मुदत असते. आणि काही अटी याबद्दल गप्प असतात, नुसतं ‘पैसे भरल्यापासून’ म्हणतात. तुम्ही उतरवलेलं वाक्य तिसऱ्या तऱ्हेचं वाटतं. तसं असेल तर १२ ऑक्टोबर हाही पैसे भरल्याचाच दिवस. पण पूर्ण पान वाचल्याशिवाय खात्री धरू नका, कारण ते एक वाक्य बऱ्याचदा रिफंडच्या परिच्छेदात नसतं, वर्गणीच्या परिच्छेदात असतं.

मग टक्केवारी. मदत विभागाला दिसतोय तो आकडा खात्याच्या सुरुवातीपासूनचा आहे. १२ ऑक्टोबरनंतर तुम्ही किती पाहिलं ते विचारा, त्यांच्याकडे तारखेनिशी नोंद असते. चॅटवर वाद घालत बसू नका. कोर्सला नोंदवलेल्या ईमेलवरून पत्र पाठवा, म्हणजे पाठवल्याची वेळ राहते. पैसे सकाळी कापले असतील तर काही कंपन्या सात दिवस तासांनी मोजतात, म्हणून १९ तारखेची वाट पाहू नका.

पोट्ट्या, ॲप काढल्याने वर्गणी बंद होत नाही. ऑटो-पे रद्द केलं की पुढची कापणी थांबते, मागची परत येत नाही. मंजुरी मामाच्या यूपीआयवर आहे म्हणून ती मामाच्याच ॲपमधून रद्द होईल, ताईच्या फोनवर दिसणारही नाही. आणि कायद्यातले ३० दिवस सदोष सेवेसाठी आहेत, तेही पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तेव्हा. इथे सेवा चांगली होती, मुदतही लिहिलेली आहे. तो मुद्दा इथे चालणार नाही.

लाखांदूरचा
माझ्या भावाचं असंच झालं. कोर्स आवडला नाही म्हणून त्याने हप्ते थांबवले, तर वसुलीचे फोन सुरू. कंपनी म्हणे आमचं काही नाही, फायनान्सवाल्याला विचारा. ऑटो-पे बंद करू नका, सिबिल खराब होतं.

यवतमाळची वकील
दादा, तुमच्या भावाने कर्ज घेतलं होतं. कोर्स रद्द झाला तरी, कंपनी फायनान्सवाल्याला पैसे परत करून ते खातं बंद करेपर्यंत, हप्ता भावाच्याच नावावर राहतो. ताईकडे कर्ज नाही, नुसती वर्गणी आहे. तिने मंजुरी रद्द केली तर सिबिलचा संबंध येत नाही.

आर्णीची बी.कॉम.वाली
वर्गणीच्या परिच्छेदात एवढंच आहे : ‘प्लॅन आपोआप पुढे चालू राहील, पुढच्या तारखेआधी कधीही बंद करता येईल.’ रिफंड नाही असं कुठेच नाही. मामाच्या फोनवर ११ तारखेला पैसे कापण्याची सूचना आली होती. त्या दिवशी सोयाबीनची मळणी चालू होती, मामाने पाहिलीच नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. १३ तारखेला मी एकदा लॉगिन करून प्रमाणपत्र उतरवलं, नोकरीच्या अर्जाला लावायचं होतं. व्हिडिओ एकही पाहिला नाही.

वर्धेचा मास्तर
तुम्ही खरं सांगितलंत, पण माझ्या मते इथेच वापर झाला. नवीन मुदतीत आत येऊन तुम्ही घ्यायची ती वस्तू घेतली. सूचनाही २४ तास आधी आली होती. ती वाचायची जबाबदारी कंपनीवर कशी टाकता?

यवतमाळची वकील
सूचनेचं तुमचं बरोबर आहे. नियमाने जी सूचना जायला हवी ती गेली, म्हणून फसवून पैसे कापले असं लिहू नका, ताई. तसं लिहिलंत की बाकीचं पत्रही हलकं होतं. ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणारी मांडणी, म्हणजे डार्क पॅटर्न, यावरच्या २०२३च्या नियमांत वर्गणीच्या सापळ्याचा उल्लेख आहे, पण बंद करायचं बटण सहज सापडत असेल तर तो मुद्दाही मांडू नका.

प्रमाणपत्राचं मला पटत नाही. ते पहिल्या तिमाहीत मिळवलेलं आहे, आणि अट ‘पाहिलेल्या’ कोर्सची आहे, लॉगिनची नाही. मात्र प्रमाणपत्र घेतल्यावर परतावा नाही असं वेगळं वाक्य असेल, तर कंपनी तेच पुढे करेल. १३ तारखेचं लॉगिन लपवू नका, त्यांच्याकडे नोंद आहेच.

पत्र लहान ठेवा : “१२ ऑक्टोबरला नूतनीकरणाचे १,४९९ रुपये कापले. त्यानंतर मी एकही व्हिडिओ पाहिलेला नाही, १३ ऑक्टोबरला फक्त आधी मिळालेलं प्रमाणपत्र उतरवलं. तुमच्या ७ दिवसांच्या अटीनुसार ही रक्कम परत करावी आणि वर्गणी बंद करावी.” दोन्ही मागण्या वेगळ्या लिहा. नुसतं ‘बंद करा’ लिहिलं तर ते पुढचं नूतनीकरण बंद करतील आणि पैसे ठेवून घेतील. मामाच्या ॲपमधला व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक टाका, अटींचं पान आजच पीडीएफ करून ठेवा.

दिग्रसचा पोट्टा
आन् त्यायनं नाही म्हटलं तं? १,४९९ साठी बंगळुरूले जा लागन का?

यवतमाळची वकील
नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाली काढायची असते. तिथे नाही झालं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, आणि ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार देता येते, म्हणजे यवतमाळलाच. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. एवढ्या रकमेसाठी तारखा करणं परवडतं का, ते ज्याचं त्याने ठरवावं. कित्येकांचं १९१५ वरच मिटतं, सगळ्यांचं नाही.

आर्णीची बी.कॉम.वाली
पत्र आत्ता पाठवलं, तक्रार क्रमांक आला. मामाकडे जाऊन ऑटो-पे रद्द केलं, त्या ॲपमध्ये आणखी दोन मंजुऱ्या चालू निघाल्या, त्या कशाच्या ते मामालाही माहीत नव्हतं. प्रमाणपत्राबद्दलचं वाक्य दोनदा शोधलं, मला तरी सापडलं नाही. पैसे मामाच्याच खात्यात येणार ना, की माझं नवीन यूपीआय देऊ?

यवतमाळची वकील
ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात येतात. नवीन यूपीआय देऊ नका. आणि रिफंडसाठी पिन टाका किंवा क्यूआर स्कॅन करा असा फोन आला, तर तो कंपनीचा नाही.