शब्दचर्चा: दाताचं ‘सिमेंट’ आणि ‘लाइटचं फिलिंग’

मीना_सांगली
माझ्या बाबांचं वय ७२ आहे. खालच्या सुळ्यामागच्या उपदाढेला अगदी हिरडीलगत खड्डा पडलाय, तपकिरी झालाय आणि थंड पाणी लागलं की ठणकतं. डॉक्टर म्हणाले, ‘सिमेंट भरू.’ ‘लाइटचं का नाही?’ असं विचारलं तर म्हणाले, ‘इथे सिमेंटच बरं.’ अंदाजपत्रकावर ‘जीआयसी’ लिहिलंय. आमच्या घरात सिमेंट म्हणजे रूट कॅनलच्या दोन बैठकांच्या मध्ये भरतात ते, चार दिवसांचं. एकाच शब्दाने दोन वेगळ्या वस्तू सांगतात का? की बाबांची स्वस्तात बोळवण चाललीय?

भाऊ७१
मीनाताई, सरळ हिशेब आहे. सिमेंट तात्पुरतं, कंपोझिट कायमचं. सिमेंटला लवंगेचा वास येतो, दोन महिन्यांत निघून येतं. लाइट मारून कडक करतात ते खरं फिलिंग. पैसे थोडे जास्त द्या आणि कंपोझिटच करून घ्या.

निवृत्त_दातवाला
भाऊ, लवंगेचा वास येतो ते झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचं मिश्रण. ते तात्पुरतंच असतं, तुमचं तेवढं बरोबर. पण जीआयसी म्हणजे ग्लास आयोनोमर, आणि त्याला लवंगेचा वास नसतो. दोन्हीत पूड आणि द्रव कालवतात म्हणून दोघांनाही सिमेंट म्हणायची सवय पडली, घोळ तिथूनच सुरू होतो.

ग्लास आयोनोमर लंडनच्या सरकारी रसायनशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी शोधलं, १९७० च्या आसपास. त्याची पूड एका खास काचेची असते, त्या काचेत फ्लोराइड असतं. द्रवात पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल. हे आम्ल काचेशी जुळतं तसंच दातातल्या कॅल्शियमशीही जुळतं, म्हणून ते गोंद न लावता दाताला धरून बसतं. कंपोझिटचं तसं नाही. ते राळेत बारीक काचकण मिसळून केलेलं असतं आणि दाताला आपणहून चिकटत नाही. आधी फॉस्फोरिक आम्लाने दात खरखरीत करायचा, धुवायचा, वाळवायचा, बाँडिंगचा थर द्यायचा, मग कंपोझिट साधारण २ मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थरावर निळा लाइट मारायचा. यातल्या कुठल्याही पायरीला थुंकी किंवा रक्त लागलं की पकड गेली.

बाबांचा खड्डा हिरडीलगत आहे. तिथे इनॅमल जवळजवळ संपलेलं असतं, उघडं पडतं ते मुळाचं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला, इनॅमलपेक्षा मऊ थर. कंपोझिटची पकड इनॅमलवर उत्तम, मुळाच्या डेंटिनवर तितकी भरवशाची नाही. त्यात हिरडीतून ओल झिरपत राहते. शिवाय कंपोझिट कडक होताना दोन-तीन टक्के आकसतं. आकसताना ते इनॅमलच्या कडेला घट्ट राहतं आणि मुळाच्या कडेला सुटायला बघतं. त्या फटीतून पुन्हा कीड. तुमच्या डॉक्टरांनी स्वस्त म्हणून नाही, जागा बघून निवडलंय.

पर्णिका
आमच्या मुलाच्या दुधाच्या दाढेत हेच भरलं होतं! सहा वर्षांचा होता, तोंड उघडून धरेना, मग डॉक्टरांनी झटपट हेच भरलं. पण दीड वर्षात वरून झिजून खोलगट झालं. म्हणजे टिकत नाही ना शेवटी? मीनाताई, मुलाला फ्लोराइडचं पेस्ट द्या.

मीना_सांगली
पर्णिका, मुलाचं नाही, बाबांचं विचारतेय :) पण झिजण्याची भीती मलाही आहे.

निवृत्त_दातवाला
पर्णिकांनी जे पाहिलं तो जीआयसीचा खरा दोष. चावण्याच्या पृष्ठभागावर ते झिजतं, आणि ठिसूळ असल्याने दोन दातांमधल्या मोठ्या भरणाला तडा जातो. मोठ्या माणसाच्या दाढेच्या वरच्या खड्ड्यात मी कंपोझिटच भरेन. समोरच्या दाताचा तुकडा उडाला तरी कंपोझिटच, कारण जीआयसीचा रंग अपारदर्शक, खडूसारखा दिसतो. पण हिरडीलगतच्या खड्ड्यावर कोणी भाकरी चावत नाही. तिथे झीज होते ती ब्रशची. बाबा कडक ब्रश आडवा घासत असतील तर तो आधी थांबवा.

क्लिनिकवाली_पुणे
थोडी असहमत. दाताभोवती थुंकी अडवणारा रबरी पडदा, म्हणजे रबर डॅम, नीट लावता आला, हिरडी दोऱ्याने मागे सारली आणि रक्त येत नसेल, तर मी हिरडीलगतही कंपोझिट करते. दिसायला चांगलं, चकाकी टिकते. पण ७२ वर्षांच्या माणसाला तपकिरी कीड असेल तर माझाही कल जीआयसीकडेच. मीनाताई, बाबांना रक्तदाबाची किंवा कसली गोळी चालू आहे का? तोंड कोरडं पडतं का?

मीना_सांगली
रक्तदाबाची आहे. रात्री तोंड कोरडं पडतं, उशाशी तांब्या ठेवतात.

क्लिनिकवाली_पुणे
मग लाळ कमी, मुळांना कीड लागायची शक्यता जास्त. जीआयसी फ्लोराइड थोडं थोडं सोडत राहतं, आणि पेस्टमधलं फ्लोराइड परत शोषूनही घेतं. ते एकट्याने कीड रोखेल असं नाही, पण कडेला उपयोग होतो. फक्त फ्लोराइडचं आंबट जेल द्यायला कोणी निघालं तर ‘इथे जीआयसी भरलंय’ हे सांगा, त्या जेलने त्याचा पृष्ठभाग खरवडला जातो.

निवृत्त_दातवाला
भरताना एवढं बघा. डॉक्टर आधी खड्ड्यात सौम्य पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल १०-२० सेकंद लावतील आणि धुतील. मग हलकं टिपतील, पार कोरडं करणार नाहीत. मिश्रण चकचकीत असतानाच दातात गेलं पाहिजे. चकाकी गेली म्हणजे दाताला धरायला मोकळं आम्ल उरलं नाही, ते टाकून नवीन कालवायचं. आम्ही असिस्टंटला हेच पहिलं शिकवायचो. घट्ट झाल्यावर वरून वार्निश किंवा निदान व्हॅसलिन. लगेच लाळ लागली तर ते पांढरट, खडूसारखं होतं. फार वाळलं तर बारीक भेगा पडतात. त्या दिवशी त्या बाजूने जेवू नये.

रसायनी
रसायनवाला म्हणून भर घालतो. ‘आम्ल’ ऐकून घाबरू नका, कडक होण्याची क्रियाच आम्ल आणि काचेची आहे, त्यात प्रकाश लागत नाही. प्रकाशाचं काम राळेत.

भाऊ७१
मग माझ्या मेहुण्याला डॉक्टरांनी जीआयसी सांगून लाइट कसा मारला? मी स्वतः बघितलं.

निवृत्त_दातवाला
ते मधलं भावंड, रेझिन मिसळलेलं जीआयसी. आम्ल-काचेची क्रिया चालतेच, वर राळेमुळे लाइटने लगेच कडक होतं. म्हणून ‘लाइटचं’ म्हटलं की कंपोझिटच, हे खरं नाही. हिरडीलगत आजकाल पुष्कळ जण हेच वापरतात. मीनाताई, साधं की राळेचं, हे मात्र त्यांनाच विचारा, ‘जीआयसी’ एवढ्यावरून कळणार नाही.

क्लिनिकवाली_पुणे
दाढेत खोल खड्डा हिरडीपर्यंत उतरला असेल तर खाली जीआयसी, वर कंपोझिट असंही करतात. त्याला आम्ही सँडविच म्हणतो. बाबांच्या दाताला त्याची गरज दिसत नाही.

पर्णिका
आणि किती वर्षं टिकेल, हे कोणी सांगणार का?

निवृत्त_दातवाला
वर्षांचा आकडा देत नाही. सहा महिन्यांनी आरशात बघा. कडेला तपकिरी रेघ उमटली, दोरा अडकू लागला किंवा थंडाची कळ परत आली तर दाखवा. जीआयसी अख्खं निघून आलं तरी तळाशी पातळ थर बऱ्याचदा राहतो आणि कीड लगेच आत शिरत नाही. पण म्हणून थांबू नका, पुन्हा भरून घ्या.

मीना_सांगली
उद्या बाबांना नेतेय. साधं की राळेचं, विचारून इथेच कळवते. ब्रश मात्र त्यांचा खरंच कडक आहे, आत्ताच दाबून बघितला.