केसांच्या गोळ्या आणि खोटा थायरॉईड रिपोर्ट: विचारायचं कोणी?

मृण्मयी:
केसांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकतो, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. मग रक्त घेण्याआधी लॅबनेच हे विचारायला नको का? माझ्या मते ते सक्तीचं हवं. तुम्हाला काय वाटतं?

शंतनू_पॅथॉलॉजी:
माझा सक्तीला विरोध आहे. आधी काय होतं ते सांगतो. अनेक कंपन्यांच्या यंत्रांत चुंबकीय मणी असतात आणि त्यांच्यावर स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन असतं. बायोटिनला ते इतकं घट्ट धरतं की सुटणं जवळपास अशक्य. थायरॉईडला कामाला लावणारा टीएसएच हा हार्मोन मोजताना दोन अँटीबॉडी घालतात, एकीला बायोटिन जोडलेलं असतं आणि दुसरीला उजेड देणारं लेबल. मधे टीएसएच सापडला की तिघांची साखळी होते, ती मण्यांना चिकटते, बाकी सगळं धुऊन जातं. उरलेल्या उजेडावरून आकडा काढतात.

आता रक्तातच भरपूर मोकळं बायोटिन असेल तर मण्यांवरच्या जागा तेच अडवतं. साखळी धुण्यात वाहून जाते, उजेड कमी होतो, टीएसएच खोटा कमी येतो.

पण हा त्रास मुख्यतः जुन्या किट्सचा. रोशच्या जुन्या टीएसएच किटची सहनशक्ती 25 नॅनोग्रॅम प्रति मिलि होती. नव्या किट्सची 1200 आहे. 10 मिलिग्रॅमची गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत पातळी शंभराच्या आगेमागे जाते. नव्या किटला त्याने काही होत नाही. शिवाय काही किट्समध्ये बायोटिन लावलेली अँटीबॉडी कारखान्यातच मण्यांना बांधून येते, तिथे हा प्रश्नच नाही. मग प्रत्येकाला अडवून विचारायचं कशाला?

देशपांडे_काका:
बायोटिनमुळे थायरॉईड ग्रंथीच जास्त काम करायला लागते, म्हणून रिपोर्ट बदलतो. त्यामुळे ते चालू असताना कुठलीच रक्ततपासणी करू नये, साखरेचीही नाही.

डॉ_अंतरा (एंडोक्रायनॉलॉजी):
काका, रिपोर्ट बदलतो हे बरोबर, पण ग्रंथीला काहीच होत नाही. बदलतो तो फक्त यंत्राने वाचलेला आकडा. आणि साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन या तपासण्यांत असे मणी नसतात. त्या बिनधास्त करा.

शंतनू, किट्सबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण अर्धी गोष्ट राहिली. थायरॉईड स्वतः बनवतं त्या फ्री टी-4 हार्मोनची तपासणी उलट चालते. तिथे रुग्णाच्या टी-4ने न अडवलेल्या, उजेड देणाऱ्या अँटीबॉडी बायोटिन जोडलेला टी-4 पकडतो आणि मण्यांकडे नेतो. म्हणून उजेड कमी म्हणजे टी-4 जास्त. बायोटिन इथेही उजेडच कमी करतं, पण आकडा खोटा जास्त येतो. ग्रंथीला जास्त काम करायला लावणाऱ्या ग्रेव्ह्ज आजाराच्या अँटीबॉडीची तपासणी अशाच पद्धतीची असेल तर तीही खोटी पॉझिटिव्ह येते. टीएसएच खाली, टी-4 वर, अँटीबॉडी पॉझिटिव्ह, म्हणजे ग्रंथी जास्त काम करतेय असंच चित्र. एकाच चुकीचे तीन आकडे एकमेकांना दुजोरा देतात आणि डॉक्टरचा विश्वास वाढत जातो.

रेवा_नाशिक:
अगदी हेच माझ्याबाबतीत झालं. टीएसएच 0.03, फ्री टी-4 3.1, जिथे वरची मर्यादा 1.7 होती. मला ना धडधड, ना घाम, वजन उलट थोडं वाढलेलं, नाडी 74. तरी थायरॉईडचं काम दाबणारं कार्बिमॅझोल लिहून मिळालं. दुसऱ्या डॉक्टरांनी ते सुरू करायच्या आधी थायरॉईडचा टेक्नेशियम स्कॅन करायला लावला, तो नॉर्मल आला. मग त्यांनी पर्समधली सगळी औषधं टेबलावर ठेवायला सांगितली. केसांच्या डबीवर 10,000 मायक्रोग्रॅम लिहिलेलं होतं. ती गोळी मी औषध समजतच नव्हते, म्हणून आधी सांगितलीही नव्हती. ती बंद करून तीन दिवसांनी त्याच लॅबमध्ये टीएसएच 2.4 आला.

पूर्वा:
पण बायोटिनने केस येतात का ते कोणी सांगेल? मी अंडी खाऊन बघतेय.

डॉ_अंतरा:
पूर्वा, बायोटिनची कमतरता असेल तरच फायदा होतो, आणि ती दुर्मीळ आहे. दिवसाला 30 मायक्रोग्रॅम पुरतात. अंडी शिजवूनच खा, कच्च्या पांढऱ्या बलकातलं ॲव्हिडिन बायोटिन बांधून ठेवतं.

रेवा, तुमच्या डॉक्टरांनी स्कॅन केला ते उत्तम. त्यात ग्रंथी किती टेक्नेशियम खेचते ते थेट दिसतं, मण्यांचा संबंध येत नाही. खऱ्या ग्रेव्ह्जमध्ये ग्रंथीने ते जोरात खेचलं असतं.

पण मला जास्त भीती वाटते ती नॉर्मल दिसणाऱ्या रिपोर्टची. रेवाचा आकडा विचित्र होता, म्हणून शंका आली. समजा थायरॉईड कमी चालतं म्हणून थायरॉक्सिन घेणाऱ्या बाईचा खरा टीएसएच 11 आहे आणि टी-4 कमी. बायोटिनने टीएसएच 3 वर उतरवला, टी-4 वर ढकलला, की रिपोर्टवर लाल अक्षरात काहीच येत नाही. गोळीचा डोस वाढायला हवा होता, तो तसाच राहतो. ती थकलेलीच राहते आणि तिला सांगतात, रिपोर्ट तर चांगला आहे.

हार्ट अटॅक ओळखायच्या ट्रोपोनिन तपासणीचंही तसंच. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर 2017 मध्ये इशारा दिला, त्यात बायोटिनमुळे ट्रोपोनिन खोटा कमी आलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूची नोंद आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाला दोन दिवसांनी या म्हणता येत नाही. तिथे ईसीजी, लक्षणं आणि शंका आली तर दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर तपासणी, एवढंच हातात असतं.

शंतनू_पॅथॉलॉजी:
थायरॉक्सिन घेणाऱ्यांचा मुद्दा मान्य. पण विचारून तरी काय? रेवाताईंनी स्वतः लिहिलंय की ती गोळी त्यांना औषधच वाटत नव्हती. "काही औषधं चालू आहेत का" याला लोक नाही म्हणतात. विचारायचं असेल तर "केस, नखं, त्वचेसाठी काही घेता का" असं विचारावं लागेल. आणि उत्तर हो आलं तर किती थांबायचं? जुन्या किट्सच्या माहितीपत्रकात 5 मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांसाठी शेवटच्या गोळीनंतर किमान 8 तास लिहिलेलं असे. रात्री दहाला गोळी, सकाळी सातला रक्त, म्हणजे नऊ तास झाले की.

डॉ_अंतरा:
अमेरिकन थायरॉईड असोसिएशन किमान दोन दिवस म्हणते आणि मी तेच सांगते. आठ तासांत 10 मिलिग्रॅमवाल्या बहुतेकांची पातळी उतरते, पण मूत्रपिंड कमजोर असेल तर बायोटिन बाहेर पडायला फार वेळ लागतो. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी काहींनी दिवसाला 300 मिलिग्रॅम घेतलंय, त्यांची पातळी हजारापर्यंत जाऊ शकते. तिथे तुमचे 1200 अगदी काठावर येतात आणि दोन दिवसही अपुरे पडू शकतात.

मृण्मयी:
सक्ती नको म्हणता, पण तुमची लॅब कोणतं किट वापरते हे रुग्णाला कुठे कळतं? निदान रिपोर्टवर किटची बायोटिन मर्यादा तरी छापा.

शंतनू_पॅथॉलॉजी:
छापता येईल, माहितीपत्रकात ती असतेच. पण ती वाचून रुग्ण स्वतःच ठरवेल की माझी गोळी चालते, याची मला काळजी वाटते. डबीवर मायक्रोग्रॅम, रिपोर्टवर नॅनोग्रॅम प्रति मिलि. डॉक्टरांसाठी छापायचं असेल तर माझी हरकत नाही.

रेवा_नाशिक:
मला वाटतं डबीवरच छापावं, थायरॉईडच्या तपासणीआधी दोन दिवस घेऊ नका म्हणून. माझ्या डबीवर केसांचा फोटो सोडून काही नव्हतं.