मदत हवी आहे: फोटोतली दुकानाची पाटी कन्नड की तेलुगू?

कळवेकर_मीनल:
बाबांच्या जुन्या फोटोंना मागे गाव-साल लिहायचं काम घेतलंय. एका फोटोवर अडलेय. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत 97 साल छापलंय. बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या कंपनीत होते आणि मशीन बसवायला सोलापूर-हैदराबाद रस्त्याने बरेचदा जायचे. फोटोत ते एका दुकानासमोर उभे आहेत. आई म्हणते झहीराबाद, काका म्हणतात हुमनाबाद. म्हणजे एक तेव्हाच्या आंध्रात आणि दुसरं कर्नाटकात. दोन्ही एकाच रस्त्यावर, मधे फक्त राज्याची हद्द.

पाटी हाताने रंगवलेली आहे, अक्षरं गोल गोल, जिलबीसारखी. बाजूच्या दुकानावर उर्दू पाटी आहे, ती ओळखता आली. मोबाइलवरून फोटोचा फोटो काढून जोडलाय. कुणाला वाचता येईल का?

पाचपाखाडीचा_पंत:
सोपं आहे. तेलुगू अक्षराच्या डोक्यावर बरोबरची खूण असते, मास्तर वहीत करतात तशी. कन्नडमध्ये तिथे आडवी रेघ असते आणि तिचं उजवं टोक वळलेलं असतं. तुमच्या फोटोत मला बरोबरची खूण कुठेच दिसत नाही, म्हणून कन्नड.

ऐरोली_सेक्टर८:
गोल अक्षरं म्हणजे ओडिया नाही का? पुरीला गेलो होतो तेव्हा सगळीकडे अशीच अक्षरं होती.

बसवराज_वाशी:
ओडिया नाही. ओडियात बहुतेक अक्षरांवर छत्रीसारखी अर्धगोल कमान असते आणि मजकुराची ओळ वरून कमानींची रांग दिसते. इथे तसं काही नाही. शिवाय पुरी कुठे, सोलापूर-हैदराबाद रस्ता कुठे!

पंतकाका, बरोबरच्या खुणेचं तुमचं म्हणणं खरं आहे, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. तेलुगूत ल, ब, ज, ण या अक्षरांवर ती खूण मुळातच नसते. आणि ज्यांच्यावर असते त्यांनाही आकार, इकार, एकार लागला की मात्रा तिच्याच जागी येते. त्यामुळे मात्रांनी भरलेल्या शब्दात खूण दिसली नाही तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दिसली, तीही दोनतीन अक्षरांवर, तर मात्र तेलुगू म्हणायला हरकत नाही. त्यातून धूसर फोटोत पेंटरचा ब्रश जरा वर उचलला गेला तरी कन्नडची रेघ तिरकी दिसते.

मीनलताई, पाटीचा पहिला शब्द 'श्री' असावा असं आकारावरून वाटतंय. तसं असेल तर काम सोपं होईल, कारण या एका शब्दात दोन्ही लिप्या अगदी वेगळ्या वागतात. तेलुगूत दीर्घ ईकार अक्षराच्या डोक्यावरच वळसा घेऊन संपतो, उजवीकडे काही उरत नाही. कन्नडमध्ये डोक्यावर ऱ्हस्व इकार येतो आणि त्याला दीर्घ करणारी खूण अक्षर संपल्यावर उजवीकडे वेगळी काढतात. लांबून बघितलं तर 'श्री'च्या मागे आणखी एक उभं, वळलेलं अक्षर असल्यासारखं वाटतं. दीर्घ ए आणि ओ यांचंही तसंच, म्हणून 'स्टोअर्स'सारख्या शब्दातही हीच खूण शोधतात.

जोडाक्षरातला र सुद्धा बघा. तेलुगूत तो सहसा डावीकडून येऊन अक्षराला खालून कवेत घेतो, कन्नडमध्ये उजव्या पायाशी लटकतो. पण पेंटर लोक इथे मनाला येईल तसं करतात, म्हणून माझा भरवसा ईकारावर जास्त. मूळ प्रिंट भिंगाखाली धरून सांगाल का?

भिवंडी_लूम:
पाटीवरून राज्य ठरवायला निघालात तर आमची भिवंडी आंध्रात जाईल! इथे पद्मशाली समाज मोठा आहे, मागावर काम करायला आलेली घरं. आमच्या गल्लीत लग्नाच्या मांडवावरसुद्धा तेलुगू बॅनर असतो.

बसवराज_वाशी:
मुद्दा रास्त आहे. लिपीवरून पाटीची भाषा कळते, राज्य नव्हे. केरळात कासरगोडला कन्नड पाट्या आहेत, कर्नाटकात बळ्ळारी-रायचूरकडे तेलुगू माणसं भरपूर. मंगळूरकडची तुळूसुद्धा कन्नड लिपीतच लिहितात. म्हणून एका पाटीवर थांबायचं नाही, आजूबाजूला आणखी काय दिसतं ते बघायचं. आणि या पट्ट्यात उर्दू पाटीचा उपयोग शून्य, कारण हद्दीच्या दोन्ही बाजूंना निजामाचं राज्य होतं आणि उर्दू दोन्हीकडे आहे.

कळवेकर_मीनल:
भिंगाने बघितलं. पहिल्या शब्दानंतर उजवीकडे खरंच एक सुटी खूण आहे, मी तिला वेगळं अक्षर समजत होते. खालचा र उजवीकडे आहे असं वाटतं, पण तिथे प्रिंटला ओरखडा आहे. दुसऱ्या शब्दात दोन मोठी अक्षरं आणि मागे एक छोटी खूण. त्या अक्षरांच्या खाली मात्र काही लटकलेलं नाही.

बाजूला एक स्कूटरपण आहे. नंबरप्लेटची इंग्रजी अक्षरं बाबांच्या पायाआड गेलीत. पुढच्या दोन आकड्यांतला फक्त दुसरा दिसतो, तो 3 किंवा 8.

बसवराज_वाशी:
दुसरा शब्द 'दुर्गा' असेल तर चित्र छान जुळतं. मराठीत रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. कन्नडमध्ये तो त्या अक्षराच्या मागे, उजवीकडे, छोट्या खुणेने लिहितात. म्हणजे दु, मग गा, आणि त्याच्यामागे रफार. तेलुगूत र आपल्या जागी पूर्ण राहतो आणि ग त्याच्या खाली लटकतो. तुम्ही म्हणता खाली काही नाही, मागे खूण आहे. ईकार आणि रफार, दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात. पाटी कन्नड आहे. शब्द 'दुर्गा'च आहे का, हे मात्र या फोटोवरून छातीठोक सांगणार नाही.

आता स्कूटर. 97 साली बिदर जिल्ह्याचा नंबर केए 38 होता आणि झहीराबाद ज्यात होतं त्या मेदक जिल्ह्याचा एपी 23. म्हणजे तुमचा 3 की 8 हा प्रश्न नेमका हद्दीवरचाच आहे! 8 निघाला तर पाटीला दुजोरा मिळेल. 3 निघाला तरी पाटी खोटी ठरत नाही, स्कूटर हद्द ओलांडून येऊच शकते.

पाचपाखाडीचा_पंत:
म्हणजे कन्नडच. मी पहिल्याच फटक्यात म्हटलं होतं.

बसवराज_वाशी:
उत्तर जुळलं काका, पण त्याच कारणावर तुम्ही एखादी तेलुगू पाटीही कन्नड म्हणाला असता.

कळवेकर_मीनल:
आईला सांगितलं. ती म्हणते झहीराबादला बाबांचा मुक्काम असायचा एवढं तिला पक्कं आठवतं, पण हा फोटो तिथलाच कशावरून, ते तिला सांगता येईना. काकांना विचारलं तर आता तेही हुमनाबाद की बिदर अशा घोळात आहेत. केए 38 निघाला तरी दोन्ही त्याच जिल्ह्यात, म्हणजे गाव काही ठरत नाही.

निगेटिव्हची पट्टी पाकिटात सापडली आहे. तिच्यातून नंबरप्लेट जास्त स्पष्ट निघेल का?

बसवराज_वाशी:
बहुतेक निघेल, प्रिंट काढताना बराच तपशील मरतो. फक्त निगेटिव्हसाठी वरून उजेड देणारा स्कॅनर लागतो, झेरॉक्सवाल्याच्या साध्या स्कॅनरवर जमणार नाही. 2400 डीपीआयच्या खाली करू नका. 35 मिमीच्या एका फ्रेमचे तेवढ्यात जेमतेम 3400 बाय 2250 पिक्सेल होतात आणि तुमची नंबरप्लेट त्यातला लहानसा तुकडा आहे. पट्टी कडांना धरा, बोट लावू नका. स्कॅन झाला की इथेच टाका. पाटीवरची शेवटची ओळ बारीक आहे, तीत गावाचं नाव असेल तर वाचून बघतो.

भिवंडी_लूम:
आणि कुणीतरी माझ्या आजोबांच्या दुकानाची पाटी पण वाचा. ती नक्की तेलुगू आहे, पण घरात आता कुणालाच वाचता येत नाही. उद्या वेगळा धागा काढतो.