बिडाच्या तव्याच्या लिस्टिंगमधला कुठला फोटो सगळ्यात कामाचा?

डोसेवाला: बिडाचा डोसा तवा ऑनलाइन घेतोय. सहा फोटो आहेत. पांढऱ्या बॅकग्राउंडवरचा, बाण काढून मापं लिहिलेला, बाईच्या हातातला, शेगडीवरचा, कडेचा क्लोजअप आणि वजनकाट्यावरचा. साईज आणि क्वालिटी कळायला कुठल्यावर जास्त भरवसा ठेवू?

पाटपाणी: सरळ आहे, बाणवाला पहिला. आकडा लिहिलाय म्हटल्यावर अजून काय पाहिजे, बाकीची नुसती सजावट.

ओतशाळा: आकडा पाहिजेच, पण बाण कुठून कुठे जातोय ते बघा, बरेचदा कानासकट लांबी लिहिलेली असते आणि डोसा पसरायची जागा कितीतरी कमी निघते. शिवाय त्यावरून क्वालिटी शून्य कळते. माझ्या मते वजनकाट्याचा पहिला, कारण तो बाकीच्यांना तपासतो. २६ सेंमी व्यास आणि ४ मिमी जाडी लिहिली असेल तर सपाट चकतीचंच वजन दीड किलोच्या आसपास भरायला हवं, कान वेगळे. काटा १.१ दाखवत असेल तर व्यास किंवा जाडी यातलं काहीतरी फुगवलेलं आहे. अर्थात काट्यावरचा आकडा स्पष्ट वाचता आला पाहिजे आणि तवा पूर्ण काट्यावरच टेकलेला दिसला पाहिजे.

सांजवात: मला हातातला जास्त पटतो, आकड्यांनी डोळ्यासमोर काही येत नाही हो. तवा हातात धरलेला दिसला की लगेच अंदाज येतो.

ओतशाळा: ताई, तोच सगळ्यात फसवा. हात लांब करून तवा कॅमेऱ्याकडे धरला आणि मोबाईलने जवळून फोटो मारला की तवा चेहऱ्याच्या मानाने थाळीएवढा दिसतो. कधीकधी तर तवा फोटोत नंतर चिकटवलेला असतो, बोटांची सावली तव्यावर पडलीय का बघा.

सांजवात: मग शेगडीवरचा? तिथे बर्नर तर शेजारीच असतो ना.

ओतशाळा: तो हातापेक्षा बरा, पण बर्नर लहानमोठे असतात, त्यामुळे अंदाजच.

गावरान: माझ्या तव्याला डोसा चिकटतो, काय करू? फोटोत तर छान गुळगुळीत दिसत होता.

ओतशाळा: चिकटण्याला तेल मुरवणं कमी पडलंय का ते आधी बघा. पण गुळगुळीत दिसणं हा उजेडाचा खेळ असतो, समोरून मऊ उजेड टाकला की काळ्या बिडावरचा खडबडीतपणा, बारीक छिद्रं सगळं गायब होतं. म्हणून क्वालिटीसाठी कडेचा क्लोजअप, तोही बाजूने उजेड असलेला. त्यात कडेची जाडी सगळीकडे सारखी आहे का आणि ओतकामाची शिवण नीट घासलीय का ते दिसतं. तव्याची पाठ दाखवली असेल तर फारच चांगलं.

पाटपाणी: वजनाचं पटलं. पण कंपनीने फोटोसाठी निवडून एक चांगला तवा ठेवला असेल तर? मी आता गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो वर घेईन, ते धूसर असले तरी.

ओतशाळा: क्वालिटीला मान्य. साईजला नाही, त्यांच्या फोटोत बाजूला माप कुठे असतं.

डोसेवाला: माझ्या लिस्टिंगमध्ये काट्यावर १.४ किलो आहे, व्यास २६, जाडी लिहिलीच नाहीये, आणि कान मोठे दिसतायत. विक्रेत्याला जाडी विचारतो.