मदत हवी आहे : ओपन सीएच्या पॅकेजमध्ये "माझं काम" नेमकं कसं दाखवायचं?

निळीशाई : ओपन सीए, म्हणजे द ओपन ग्रुपचं आयटी रचनाकारांसाठीचं प्रमाणपत्र, त्यासाठीचा अर्ज परत आलाय. पॅकेज म्हणजे त्यासाठी द्यायचं स्वतःच्या कामाचं लेखी वर्णन. शेरा एवढाच की उमेदवाराची स्वतःची भूमिका स्पष्ट होत नाही. मी या क्षेत्रात कित्येक वर्षं काम करतोय, सगळं लिहिलंय, आकृत्याही जोडल्यात. आता आणखी काय लिहू? कृपया लवकर सांगा, पुढची तारीख जवळ आली आहे.

सारंग_क : टोगाफची परीक्षा का? बहुपर्यायी प्रश्न असतात, नमुना प्रश्नपत्रिका सोडवत राहा. मी तसंच केलं.

अनुराधा७ : सारंग, ती वेगळी. टोगाफ ही त्याच संस्थेची रचनापद्धतीवरची परीक्षा, तिच्यात माहिती तपासतात, ओपन सीएमध्ये केलेलं काम. निळीशाई, कुठल्या पातळीसाठी अर्ज केलात? पहिली, की मास्टर? आणि शेरा मुलाखतीआधी आला की नंतर?

निळीशाई : मास्टर. मुलाखतीपर्यंत पोचलोच नाही. पहिल्या छाननीतच परत.

अनुराधा७ : मग एखादा परिच्छेद इथे टाका. ग्राहकाचं नाव काढून.

निळीशाई : "ऑर्डर व्यवस्थेचं आधुनिकीकरण करण्यात आलं. टीमने विविध पर्यायांचा अभ्यास करून संदेश-रांगेवर आधारित रचना स्वीकारली. त्यामुळे कामगिरीत लक्षणीय सुधारणा झाली."

अनुराधा७ : दुखणं इथेच आहे. "करण्यात आलं", "टीमने", "स्वीकारली". यात तुम्ही कुठे आहात? बोर्डाचे तीन जण तुमच्याशी वेगवेगळे बोलतात, प्रत्येकी साधारण तासभर, आणि नंतर एकत्र ठरवतात. पॅकेज वाचूनच ते प्रश्न काढतात, म्हणून ज्यावर बोलता येईल असा निर्णय कागदावर दिसायलाच हवा. मला चार गोष्टी सांगा : दुसरा पर्याय कोणता होता, तो का सोडला, विरोध कोणाचा होता, आणि तुमच्या पर्यायाची किंमत काय मोजली?

निळीशाई : दुसरा पर्याय म्हणजे सगळ्या विभागांना एकच सामायिक डेटाबेस. सोपा होता, पण एका विभागाने तक्ता बदलला की सगळ्यांचं अडायचं. डेटाबेस सांभाळणारी टीम विरोधात होती, कारण संदेश रांगेत थांबून पुढे जात असल्याने मालाच्या साठ्याचा आकडा काही सेकंद जुना दिसणार होता. शेवटी आरक्षणाची तपासणी मी थेट ठेवली आणि बाकीचं रांगेवर टाकलं.

अनुराधा७ : अहो, हेच लिहा! असं : "सामायिक डेटाबेस हा सोपा पर्याय मी नाकारला, कारण एका विभागाचा बदल सगळ्यांना अडवत होता. साठ्याचा आकडा जुना दिसेल हा डेटाबेस टीमचा आक्षेप मला पटला, म्हणून आरक्षणाची तपासणी थेट ठेवली. त्या एका ठिकाणी विभागांचं परस्परावलंबित्व उरलं." शेवटचं वाक्य काढू नका. काय गमावलं हे ज्याला सांगता येतं, निर्णय त्याचाच होता हे वाचणाऱ्याला पटतं. "लक्षणीय सुधारणा"च्या जागी आधी आणि नंतर काय मोजलं ते द्या. मोजलं नसेल तर तो दावाच काढून टाका.

रेघोटी : आकृत्या जास्त जोडा, माझा अनुभव आहे. वाचायला कोणाला वेळ असतो?

अनुराधा७ : आकृती हवी, पण कोणी काढली ते त्याखाली लिहिलेलं हवं. दुसऱ्याची आकृती तुमच्या नावावर दिसली आणि मुलाखतीत एखाद्या बाणाचा अर्थ सांगता आला नाही, तर सगळ्या पॅकेजवरचाच विश्वास उडतो.

रेघोटी : बरं, पण ग्राहकाचं नाव काढलं की गोपनीयतेचा प्रश्न मिटतो ना?

विभा_म : नाही मिटत. व्यवसाय, आकार आणि वर्ष एकत्र दिलं तर जाणकार लगेच ओळखतो. कंपनीची लेखी परवानगी घ्या, तिला वेळ लागतो. मी मात्र पीजीएमपी, म्हणजे प्रोग्रॅम व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र केलं, त्यात मुलाखत नसते. अनुभवाचे लेखी सारांश पॅनल वाचतं, ते मान्य झालं की मगच परीक्षा. 'प्रोग्रॅम' म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या प्रकल्पांचा समूह, पण अनेक जण एकच मोठा प्रकल्प 'प्रोग्रॅम' म्हणून लिहितात आणि तिथेच अडकतात.

रेघोटी : परवानगी मागत बसलं तर तारीखच निघून जाईल. नाव काढा, आकडे प्रमाणात द्या, पुरे.

विभा_म : करार तुमचा नाही म्हणून तुम्हाला सोपं वाटतंय.

निळीशाई : परिच्छेद बदलतोय, धन्यवाद. एक राहिलंच : माझा दुसरा प्रकल्प मध्येच बंद पडला. पैसे संपले, रचनेत दोष नव्हता. तो घालू का?

अनुराधा७ : मी घातला असता. निर्णय आणि त्यांची कारणं तुमचीच आहेत. काय सुरू झालं आणि काय झालंच नाही, हे मात्र सरळ लिहा.

विभा_म : मी नसता घातला. परिणाम दाखवता येत नसेल तर मुलाखतीचा निम्मा वेळ "पुढे काय झालं?" यातच जातो. तिसरा एखादा लहान पण पूर्ण झालेला प्रकल्प नाही का?

निळीशाई : आहे, पण त्यात रचना दुसऱ्याची होती, मी अर्ध्यावर आलो.

अनुराधा७ : अर्ध्यावर आल्यावर त्या रचनेत तुम्ही काय बदललंत? आधी ते सांगा.